अनलिमिटेड आहे, मग साठवायचं कशाला?

‘आता फायबर आलंय, डेटा अनलिमिटेड आहे. अपडेट एकदाच उतरवून सगळ्यांना वाटायचे, हे डायल-अपच्या काळातलं खूळ.’ उबुंटू चालवणाऱ्या ऑफिसांत हा युक्तिवाद हटकून ऐकायला मिळतो. त्यात महिन्याचा डेटा मोजलेला असतो; लाइन किती वेळ अडते, ते कोणी मोजत नाही.

समजा, २० संगणक आहेत, सगळ्यांवर उबुंटू २४.०४ आणि ५० एमबीपीएसची लाइन. या खेपेला प्रत्येकाचे अपडेट ४०० एमबी. सगळ्यांनी आपापले उतरवले तर ८ जीबी होतात, म्हणजे एकवीस मिनिटं अख्खी लाइन त्याच कामाला. ‘मग काय झालं? टायमर आहे ना, तो विखरून उतरवतो,’ असं यावर सांगतात. टायमर आहे खरा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा या वेळा धरून तो बारा तासांपर्यंत कितीही पुढे सरकतो. पण ही सोय आहे ती जगभरचे संगणक एकाच क्षणी उबुंटूच्या सर्व्हरवर तुटून पडू नयेत म्हणून. तुमच्या लाइनची काळजी त्यात नाही. रात्री ऑफिसचे संगणक बंद असतात आणि हुकलेली पाळी ते चालू झाल्यावर भरून काढतात. म्हणजे विखुरलं तरी ते विखुरतं कामाच्याच तासांत, कोणी जीएसटीचं रिटर्न भरत असताना.

उपाय इतका साधा आहे की वाद घालण्यातच जास्त वेळ जातो. कायम चालू राहणाऱ्या एका संगणकावर `apt-cacher-ng` बसवायचं. बाकीच्यांवर `/etc/apt/apt.conf.d/00proxy` ही फाइल करून त्यात दोन ओळी लिहायच्या (पत्ता अर्थात आपल्या नेटवर्कमधला):

```
Acquire::http::Proxy "http://192.168.1.10:3142";
Acquire::https::Proxy "DIRECT";
```

पहिल्या संगणकाने मागितलेलं पॅकेज बाहेरून येतं आणि साठ्यात राहतं. उरलेल्या एकोणीस जणांना ते ऑफिसच्या केबलवरूनच मिळतं. बाहेरची लाइन एकवीस मिनिटांऐवजी मिनिटभर अडते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आणि म्हणून जास्त आदराचा: मधल्या संगणकात कोणी भेसळ केली तर वीसही संगणक बाधणार नाहीत का? भीती रास्त आहे, पण `apt` त्या मधल्यावर विसंबूनच नसतं. भांडाराच्या `InRelease` फाइलवर उबुंटूची डिजिटल सही असते. त्या फाइलीत पॅकेजांच्या याद्यांचे हॅश असतात आणि यादीत प्रत्येक पॅकेजचा हॅश. सही तपासायची किल्ली प्रत्येक संगणकावर आधीपासून असते. साठ्यातली फाइल कोणी बदलली किंवा ती डिस्कवर खराब झाली, तर `Hash Sum mismatch` असा संदेश येतो आणि पॅकेज बसत नाही. हा संदेश दिसला की लोक कॅशेला शिव्या घालतात. खरं तर तो पहारा जागा असल्याचा पुरावा आहे. पोर्ट 3142 मात्र ऑफिसच्या बाहेरून उघडा ठेवू नये, ही खबरदारी हवीच.

आता विरोधकांचं जे खरं आहे ते मान्य करतो. डॉकरसारखी एचटीटीपीएसवरची भांडारं या साठ्यात येत नाहीत, कारण मधल्याला बंद पाकिटातलं वाचता येत नाही. वरची दुसरी ओळ त्यासाठीच आहे. ती विसरली तर `403 CONNECT denied` दिसतं. स्नॅपचे अपडेट `apt` मधून जातच नाहीत आणि उबुंटूचा फायरफॉक्स स्नॅप असतो, तेव्हा तो प्रत्येक संगणक वेगळाच उतरवणार. कॅशेचा संगणक बंद पडला तर सगळ्यांचे अपडेट अडतात, आणि घरी नेलेल्या लॅपटॉपचेही. त्यावर `auto-apt-proxy` हे पॅकेज आहे. ते कॅशे सापडतो का ते पाहतं, नाही सापडला तर सरळ इंटरनेटवर जातं. ते वापरायचं तर वरच्यातली पहिली ओळ काढून टाकावी. ऑफिसात लॅपटॉप असतील तर मी हाच मार्ग पत्करीन.

एवढं मान्य करूनही तोल कुठे झुकतो, ते ज्याने त्याने आपल्याच आकड्यांवरून ठरवावं. ब्राउझरमध्ये `http://192.168.1.10:3142/acng-report.html` उघडलं की किती साठ्यातून दिलं आणि किती बाहेरून आणलं, ते दिसतं. बाहेरून आणलेलं फार निघालं तर आधी संगणकांवरच्या आवृत्त्या पाहाव्यात. दहा संगणक २२.०४ वर आणि दहा २४.०४ वर असतील तर बहुतेक पॅकेजं दोनदा येणारच. तो दोष कॅशेचा नाही.