सहल पुढे गेली? पैशांचं आधी सांगा!



शाळेची सहल ऐनवेळी पुढे ढकलावी लागली, की सूचना ठरलेली असते : 'काही अपरिहार्य कारणास्तव सहल पुढे ढकलण्यात आली आहे. नवीन तारीख नंतर कळविण्यात येईल.' यात पालकांच्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. माझं स्पष्ट मत आहे, की पालक चिडतात ते तारीख बदलली म्हणून नाही, तर भरलेल्या पैशांचं काय झालं हे कळत नाही म्हणून.

समजा, चौथीची प्रतापगड सहल आहे. ४५ मुलं, प्रत्येकी ६०० रुपये. आगाराकडून त्या दिवशी गाडी मिळत नाही. मग सूचना अशी लिहावी :

'शुक्रवार, १२ डिसेंबरची सहल आता शुक्रवार, ९ जानेवारीला जाईल. १२ तारखेला एसटीची गाडी उपलब्ध नाही. तुम्ही भरलेले ६०० रुपये नव्या तारखेसाठी धरले आहेत. जादा काही भरायचे नाही. मूल येणार नसेल, तर १९ डिसेंबरपर्यंत वर्गशिक्षकांना सांगा. पूर्ण ६०० रुपये २४ डिसेंबरपर्यंत परत मिळतील. कारण सांगायची गरज नाही.'

यातलं शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. कारण विचारलं, की हातावर पोट असलेला पालक संकोचतो. पैसे मागत नाही, पण मनात अढी धरतो.

मात्र 'पूर्ण परत' लिहिण्याआधी हिशोब करा. गाडीचं भाडं मुलांच्या संख्येवर कमी होत नाही. ६०० पैकी ४०० भाड्याचे आणि २०० जेवणखर्चाचे धरले, तर पाच मुलं गळल्यावर जेवणाचे १,००० वाचतात, पण भाड्यात २,००० ची तूट येते. ही तूट येणाऱ्या मुलांकडून काढली, तर त्यांचे पालक दुखावतील. म्हणून नकार कळवायची मुदत सहलीच्या तीन आठवडे आधीची ठेवली आहे. तेवढ्या वेळात प्रतीक्षा यादीतली मुलं घेता येतात. तरी जागा उरल्याच, तर तूट कोण सोसणार हे मुख्याध्यापकांशी बोलून सूचना काढण्याआधीच ठरवा. आगारात किंवा जेवणवाल्याकडे आगाऊ भरलेली रक्कम परत मिळणार नसेल, तर तेवढा आकडा सूचनेत लिहा. पैसे परत देताना कापून घेतलेले पन्नास रुपयेसुद्धा जास्त खुपतात.

परतीचे पैसे मुलाच्या दप्तरात टाकू नका. पालकांच्या हातात द्या, वहीत सही घ्या. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांना फोन करा किंवा मुलाच्या वहीत सूचना लिहून पालकांची सही मागवा.

सूचना जमली की नाही, हे ओळखणं सोपं आहे. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी पालक 'पैशांचं काय?' असं विचारू लागले, तर ती पुन्हा लिहायला हवी. 'नव्या तारखेला गाडी किती वाजता?' असं विचारलं, तर समजा जमलं.