ठेक्याची बोली वाढवण्याआधी हा हिशोब बघा

तलावाच्या ठेक्याला ४० हजार जास्त बोलायचे, असा आग्रह काही जणांनी धरलाय. माझा त्याला विरोध आहे. का, ते सांगतो. आकडे समजायला सोपे म्हणून गोल धरलेत, तुम्ही आपापले घालून बघा.

ठेका ६०,०००, मत्स्यबीज १,४०,०००, राखणदाराचा वर्षाचा पगार ९६,०००, होडी-जाळ्यांची दुरुस्ती ४०,०००, कर्जाचे व्याज २४,०००. झाले ३ लाख ६० हजार. मासळी निघो न निघो, हे द्यावेच लागतात. आपल्या मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद, विक्री शून्य, पण राखणदाराचा पगार चालूच. बोटुकली एकदा सोडली की ते पैसेही गेलेच समजा.

आता विक्री. आडत वजा जाता किलोला १२० रुपये हातात येतात. त्यातून पकडणाऱ्याची मजुरी, बर्फ आणि गाडी मिळून ६० जातात. उरले ६०. म्हणजे पहिले ६,००० किलो नुसते खर्च फेडण्यात जातात. त्यापुढचा प्रत्येक किलो ६० रुपये नफा देतो.

८,००० किलो निघाले तर नफा १,२०,०००. मासळी दहा टक्के कमी, म्हणजे ७,२०० किलो निघाली, तर नफा ७२,०००. मासळी दहा टक्के घटली आणि नफा चाळीस टक्के! चांगल्या वर्षी हेच उलट होते, १,६८,००० मिळतात. त्या एका वर्षाच्या आठवणीवर बोली वाढवायची म्हणतात आपले लोक.

आपल्या हाताशी मोकळीक किती? ८,००० मधून ६,००० गेले, २,००० किलो. पाव हिस्सा. तेवढी मासळी कमी झाली की नफा शून्य.

ठेका ४० हजाराने वाढला तर बांधील खर्च ४ लाख, बरोबरी ६,६६७ किलोवर, मोकळीक सहावा हिस्सा. ८,००० किलोला नफा ८०,०००, आणि ७,२०० निघाली तर फक्त ३२,०००. इंदूरकडचे तलाव पावसावर, उन्हाळ्यात पाणी शेतीला उपसतात. दहा टक्के घट म्हणजे काही मोठे संकट नव्हे हो, नेहमीचेच आहे.

भाव पडला तर आणखी वाईट. आजच्याच ठेक्यात किलोला १२ रुपये कमी मिळाले, तर ८,००० किलोवर नफा उरतो २४,०००. मजुरी आणि बर्फ तर कमी होत नाहीत ना.

कोणी सुचवले, राखणदाराला पगाराऐवजी किलोमागे १२ रुपये द्या. हिशोबाने बरोबर आहे, बरोबरी ५,५०० किलोवर येते. पण मासळी कमी निघाली तर मार त्याच्या घराला बसतो, तोही आपलाच माणूस. अर्धा पगार, अर्धा हिस्सा असे त्याला विचारून ठरवता येईल. बोलीच्या बाबतीत मात्र मी सभेत ६० हजारांवरच हात वर करणार आहे.