पंधरा प्रोजेक्ट नकोत, नगरच्या कांद्याचा एकच नीट करा

पुण्यातल्या एका लहान कंपनीत नव्या मुलांचे अर्ज वाचण्याचे काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. नगर जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधून आलेला अर्ज मी जरा आपुलकीने उघडतो. गावचा माणूस म्हणून तेवढा पक्षपात चालतो. बीकॉम किंवा बीएस्सी झालेली, क्लास न लावता मोबाइलवर व्हिडिओ बघून पायथन आणि एसक्यूएल शिकलेली ही मुले असतात. अर्जात गिटहबची लिंक असते आणि लिंकवर दहा-पंधरा प्रोजेक्ट. टायटॅनिकवरचे कोण वाचले, घरांच्या किमतींचा अंदाज, कॅल्क्युलेटर, टू-डू लिस्ट. दोन उघडले की तिसरे उघडावेसे वाटत नाही. तेच कोड, त्याच क्रमाने, मी आदल्या आठवड्यात दुसऱ्याच्या अर्जात पाहिलेले असते.

माझे मत स्पष्ट आहे. पहिल्या नोकरीच्या अर्जाला एक पूर्ण केलेला प्रोजेक्ट आणि सोबत एखादा छोटा, एवढे पुरते. मात्र तो मोठा प्रोजेक्ट अशा विषयावर हवा, ज्यातले उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला स्वतःला कळते. टायटॅनिकबद्दल तुम्हाला काय कळणार? कांद्याबद्दल मात्र नेप्ती किंवा घोडेगावच्या बाजारात एकदा जरी गोणी उतरवली असेल, तरी माझ्यापेक्षा जास्त कळते.

म्हणून कांद्याचेच उदाहरण घेऊ.

आधी प्रश्न, मग कोड

बाजार समित्यांचे रोजचे भाव केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेट या संकेतस्थळावर मोफत मिळतात. जिल्हा, बाजार, शेतमाल, जात, तारीख, किमान भाव, कमाल भाव आणि मोडल भाव असे रकाने असतात. मोडल म्हणजे त्या दिवशी जास्तीत जास्त माल ज्या भावाने गेला तो. सगळे भाव रुपये प्रति क्विंटल, त्यामुळे किलोचा हवा असेल तर १०० ने भागायचे.

बहुतेक जण इथे लगेच रंगीत आलेख काढायला घेतात. तसे करू नका, आधी एक प्रश्न लिहा. केंद्राने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक कांदा उत्पादकाला आठवते. तर प्रश्न असा: बंदीआधीचे ३० दिवस आणि नंतरचे ३० दिवस, आपल्या जिल्ह्यातल्या बाजारांत भाव किती बदलला? म्हणजे ८ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर आणि ८ डिसेंबर ते ६ जानेवारी. दोन्हींतली मधली किंमत काढायची. भाव चढत्या क्रमाने लावले की बरोबर मध्ये येतो तो. सरासरी नको, कारण एखादा चुकून टाइप झालेला भाव सरासरीला ओढून नेतो.

ऐकायला हे दहा ओळींचे काम वाटते. कोड तेवढेच आहे. पण तुमची परीक्षा त्या दहा ओळींच्या आधी होते.

फाइल तुम्हाला कुठे फसवते

पहिली फसगत नावाची. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये बदलले. जुन्या नोंदी जुन्या नावाने आहेत. फक्त नव्या नावाने गाळणी लावली तर २०२३ ची एकही ओळ हाती येणार नाही, आणि कोड एररही देणार नाही. रिकामा तक्ता येईल, इतकेच.

दुसरी तारखेची, आणि ही जास्त वाईट. आपल्याकडे दिवस आधी, महिना नंतर. पायथनची पांडाज लायब्ररी मात्र काही सांगितले नाही तर अमेरिकन पद्धतीने महिना आधी धरायला जाते. फाइलीत 08/12/2023 असेल तर ती १२ ऑगस्ट होते. म्हणजे ज्या दिवसाभोवती सगळा प्रश्न उभा आहे, तोच दिवस चार महिने मागे जातो. जुन्या आवृत्तीत ही चूक गुपचूप होते, नव्या आवृत्तीत तेरा तारखेपुढची ओळ आली की बहुधा एरर येते आणि निदान कळते तरी. उपाय दोन ओळींचा:

```
df = df[df["District"].isin(["Ahmednagar", "Ahilyanagar"])]
df["Arrival_Date"] = pd.to_datetime(df["Arrival_Date"], format="%d/%m/%Y")
```

तुमच्या फाइलीत रकान्यांची नावे किंवा तारखेची पद्धत थोडी वेगळी असू शकते. त्याप्रमाणे बदला आणि नंतर प्रत्येक महिन्यात किती ओळी आल्या ते मोजून बघा. ज्या महिन्याची माहिती तुम्ही उतरवलीच नव्हती तो महिना यादीत दिसला, तर तारीख उलटली आहे.

तिसरी फसगत रिकाम्या दिवसांची. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, म्हणजे बंदीआधीच्या ३० दिवसांतच दिवाळीची सुट्टी आली. शिवाय साप्ताहिक सुट्टी आणि अधूनमधून बंद राहणारे लिलाव. या दिवसांची ओळच नसते. व्हिडिओत शिकवलेले असते की रिकाम्या जागी शून्य भरा. इथे शून्य भरले तर आलेखात कांदा फुकट विकला गेल्याचे दिसते, आणि ज्या बाजूला सुट्ट्या जास्त त्या बाजूची किंमत विनाकारण खाली येते. बाजार बंद असणे आणि भाव शून्य असणे यातला फरक तुम्हाला माहीत आहे, लायब्ररीला नाही. ते दिवस रिकामेच ठेवा आणि दोन्ही बाजूंना प्रत्यक्ष किती दिवस बाजार भरला, तो आकडा उत्तराशेजारी लिहा.

एक चाळणी आणखी लावा. किमान भाव मोडलपेक्षा जास्त किंवा मोडल कमालपेक्षा जास्त, अशी ओळ चुकीचीच असणार. १५०० च्या जागी १५० पडलेले असे सापडते. या ओळी पुसून न टाकता वेगळ्या फाइलीत काढा आणि किती निघाल्या ते सांगा. अर्ज वाचणाऱ्याला हा एक आकडा दिसला की कळते, या मुलाने फाइल खरोखर उघडून बघितली आहे.

भाव पडला म्हणजे बंदीनेच पडला का?

इथे बहुतेक अर्जदार घाईने निष्कर्ष लिहितात. समजा, तुमच्या आकड्यांत डिसेंबरनंतर भाव घसरलेला दिसला. पण नोव्हेंबर-डिसेंबरनंतर खरिपाचा लाल कांदा बाजारात वाढत जातो आणि आवक वाढली की भाव तसाही उतरतो. मग बंदीचा वाटा किती? नेमका सांगता येणार नाही, पण थोडे जवळ जाता येते. तेच साठ दिवस २०२२ चे घ्या. तेव्हा निर्यातबंदी नव्हती. त्या वर्षीही तेवढीच घसरण असेल तर सगळे खापर बंदीवर फोडता येणार नाही. २०२३ ची खूप मोठी असेल तर संशयाला जागा आहे. तरीही ऑगस्ट २०२३ मध्येच निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले होते, म्हणजे बंदीआधीचा काळही 'साधा' नव्हता, हे लिहावे लागेल.

मुलाखतीत मी हाच प्रश्न विचारतो: यावरून काय सिद्ध होत नाही? ज्याने कोड उतरवून घेतलेले असते तो इथे थांबतो. ज्याने स्वतः केलेले असते तो बोलायला लागतो, आणि मग मला पुढचे प्रश्न विचारायची गरज फारशी पडत नाही. फार तर म्हणतो, हेच संगमनेर बाजारासाठी करून दाखव. बाजाराचे नाव कोडमध्ये एकाच जागी लिहिलेले असेल तर ते मिनिटाचे काम आहे. सतरा ठिकाणी असेल तर दोघांनाही घाम फुटतो.

लिंक पाठवण्याआधी

गिटहबवर फाइली नुसत्या टाकून देऊ नका. README.md या फाइलीत साध्या इंग्रजीत चार गोष्टी लिहा: प्रश्न काय होता, माहिती कुठून आणि कोणत्या तारखेला घेतली, उत्तर काय आले, आणि या उत्तरावर किती विसंबू नये. आधी मराठीत लिहा, मग भाषांतर करा. मुद्दा स्वच्छ राहतो. काम जसजसे होईल तसतसे गिटहबवर चढवत जा. दोन आठवड्यांत वीस छोटे बदल दिसले तर मला माणूस काम करताना दिसतो. एकाच रात्री सगळ्या फाइली एकदम आल्या असतील तर उतरवल्याचा संशय येतो, कधी कधी अन्यायानेही.

कोडमध्ये फाइलीचा पत्ता C:\Users ने सुरू होत असेल तर ते फक्त तुमच्याच संगणकावर चालेल. फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवा. माहिती एपीआयने घेतली असेल तर तुमची की कोडमध्ये राहू देऊ नका. चुकून गेली तर ओळ पुसून भागत नाही, कारण गिटहब जुनी आवृत्तीही जपून ठेवते. ती की रद्द करून नवी घ्या.

जोडीला छोटा प्रोजेक्ट हवा तर पावसाच्या पाण्याचे गणित करणारे एक साधे वेबपान करा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवते, त्याचीच ही पहिली पायरी. क्षेत्र आणि पाऊस टाका, लिटर मिळवा. पानाचे नाव index.html ठेवले की गिटहब पेजेसवर ते फुकट चालते.

या सगळ्याला मर्यादा आहे. सरकारी भरतीत याला गुण नाहीत. मोठ्या कंपन्यांत जिथे अर्ज पदवी आणि टक्क्यांवर आधीच गाळले जातात, तिथे तुमची लिंक कोणी उघडणारही नाही. पुण्यातल्या लहान कंपन्या, सुप्याच्या किंवा नगरच्या एमआयडीसीतली एमआयएसची जागा, अशा ठिकाणी माणूस अर्ज वाचतो, आणि तिथेच हे उपयोगी पडते.

तो माणूस बहुतेक वेळा फोनवर वाचतो, रिक्षात किंवा चहा पिताना. म्हणून अर्ज पाठवण्याआधी लिंक घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर, तुमचे लॉगिन नसताना उघडून बघा. पत्त्यात localhost असेल तर तिथे काहीच उघडणार नाही. प्रोजेक्ट प्रायव्हेट राहिला असेल तर ४०४ दिसेल. आणि आलेखावरचे आकडे बोटांनी मोठे केल्याशिवाय वाचता येत नसतील, तर अक्षरे वाढवून पुन्हा चढवा.