एका आकड्यावर जाळे तोलू नका

रेल्वे, वीज किंवा पाणी यांच्या जाळ्यांचा अभ्यास करणाऱ्या अहवालांत 'बीजगणितीय जोडलेपणा' नावाचा आकडा आढळतो. आकडा मोठा असेल तर जाळे मजबूत, लहान असेल तर नाजूक, असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो. हा अर्थ अर्धाच खरा आहे. विदर्भातल्या रेल्वेमार्गांचा छोटा नकाशा घेऊन हा आकडा स्वतः काढला, की उरलेला अर्धा कुठे निसटतो ते दिसते.

सुरुवातीला सहाच स्थानके घेऊ: अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर, नरखेड आणि नवे अमरावती. बडनेऱ्याहून एक वाट वर्ध्यावरून नागपूरला जाते, दुसरी नव्या अमरावतीवरून नरखेडला. नरखेड आणि नागपूर एकमेकांना जोडलेले आहेत, म्हणजे पाच स्थानकांचे एक कडे झाले. अकोला या कड्याला फक्त बडनेऱ्यापाशी लागते. मधली लहान स्थानके सोडून दिली आहेत. अमरावतीचे जुने स्थानक बडनेऱ्याहून निघणाऱ्या फाट्याच्या टोकाला आहे आणि नरखेडचा मार्ग नव्या स्थानकावरून जातो, म्हणून 'अमरावती' असा एकच बिंदू काढला तर नकाशा तिथेच चुकतो.

आता मॅट्रिक्स. प्रत्येक स्थानकाची एक ओळ. कर्णावर त्या स्थानकाला किती दुवे आहेत ती संख्या, आणि ज्या स्थानकाशी थेट दुवा आहे त्याच्या स्तंभात उणे एक. बडनेऱ्याच्या ओळीत कर्णावर ३ येतात, अकोला, वर्धा आणि नवे अमरावती यांच्याखाली −१, बाकी शून्य. प्रत्येक ओळीची बेरीज शून्य होते. दुव्यांच्या संख्यांच्या मॅट्रिक्समधून शेजाराचे मॅट्रिक्स वजा केले की हेच उरते; त्याला लाप्लासियन म्हणतात.

याच्या आयगेनव्हॅल्यू काय सांगतात हे समजायला प्रत्येक स्थानकाला एकेक संख्या द्या. प्रत्येक दुव्याच्या दोन टोकांच्या संख्यांमधला फरक घ्या, त्याचा वर्ग करा आणि सगळ्यांची बेरीज करा. जोडलेल्या सर्व स्थानकांना सारखीच संख्या दिली, तर ही बेरीज शून्य होते. जाळ्याचे दोन सुटे तुकडे असतील, तर एका तुकड्याला एक आणि दुसऱ्याला वेगळी संख्या देऊनही ती शून्यच राहते. म्हणून शून्य आयगेनव्हॅल्यू जितक्या, तितके जाळ्याचे तुकडे. हा नियम काटेकोर आहे, त्याला अपवाद नाही.

लहानाकडून मोठ्याकडे मोजता दुसऱ्या क्रमांकाची आयगेनव्हॅल्यू म्हणजे वर सांगितलेला आकडा. चेक गणिती मिरोस्लाव्ह फीडलर यांनी १९७३ मध्ये त्याचा अभ्यास मांडला. स्थानकांना दिलेल्या संख्यांची एकूण बेरीज शून्य हवी, आणि फरकांच्या वर्गांची बेरीज संख्यांच्या वर्गांच्या बेरजेच्या तुलनेत जितकी कमी ठेवता येईल तितकी ठेवायची. जो किमान भागाकार मिळतो तोच हा आकडा. आपल्या सहा स्थानकांसाठी तो ०.६९७ येतो. तो गाठणाऱ्या संख्याही बोलक्या आहेत: अकोला १, बडनेरा ०.३०, वर्धा आणि नवे अमरावती −०.१५, नागपूर आणि नरखेड −०.५०. सर्वांत मोठी उडी अकोला आणि बडनेरा यांच्यामध्ये आहे, आणि या नकाशात तुटला तर जाळे दुभंगेल असा दुवाही तोच एक आहे. इथवर आकडा आणि नकाशा एकच गोष्ट सांगतात.

पण अकोला खरोखर असे लोंबकळत नाही. तिथून पश्चिमेला भुसावळ, भुसावळहून खंडवा, खंडव्याहून इटारसी आणि इटारसीहून नरखेड असा मोठा वळसा आहे. नकाशा आपण बडनेऱ्याच्या पश्चिमेला अकोल्यापाशी तोडला, म्हणून तो दिसला नाही. भुसावळ, खंडवा आणि इटारसी मिळवून नऊ स्थानके घेतली, तर कोणताही एक दुवा तोडून जाळे तुटत नाही. जाळे उघडच जास्त भक्कम झाले. तरी आकडा वाढला नाही, उलट ०.५५९ वर उतरला.

हिशेब चुकलेला नाही. स्थानके वाढली आणि वाटा लांबल्या, की संख्यांना हळूहळू बदलायला जागा मिळते आणि किमान भागाकार खाली येतो. सहा स्थानकांचा आकडा नऊ स्थानकांच्या आकड्याशेजारी ठेवून कोणते जाळे मजबूत हे ठरवताच येत नाही. तुलना हवी तर बिंदू तेच ठेवले पाहिजेत. याच नऊ स्थानकांतून इटारसी–नरखेड हा एक दुवा काढला, तर आकडा ०.१७१ पर्यंत घसरतो. बिंदू तेच ठेवून नवा दुवा जोडला तर आकडा कधीच कमी होत नाही, हे सिद्ध झालेले आहे. अभ्यासात वापरावी ती हीच तुलना. दोन जिल्ह्यांच्या किंवा दोन विभागांच्या आकड्यांची क्रमवारी लावणारे कोष्टक मात्र बहुतेक वेळा स्थानकांची संख्याच दुसऱ्या वेषात मांडत असते.

मला अधिक काळजी वाटते ती वगळण्याच्या सवयीची. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारी नॅरोगेज 'शकुंतला' आता धावत नाही. नकाशात मूर्तिजापूर घेतले आणि यवतमाळ व अचलपूर हे बिंदूही ठेवले, तर त्यांच्या ओळी पूर्ण शून्य होतात. मुख्य जाळ्याचे एक शून्य आणि या दोघांची दोन, अशी तीन शून्ये येतात, आणि दुसरी आयगेनव्हॅल्यू शून्यच असल्यामुळे अहवालात लिहायला काही उरत नाही. मग संगणकावर काम करणारा माणूस सोपा मार्ग धरतो: सर्वांत मोठा जोडलेला तुकडा घ्यायचा आणि बाकीचे टाकून द्यायचे. अनेक तयार प्रणालींमध्ये ही पायरी नेहमीचीच असते. आकडा लगेच धन होतो. रेल्वे गमावलेली गावे मात्र हिशेबातूनही जातात, आणि अहवाल वाचणाऱ्याला ती कधी होती हेही कळत नाही. शून्यांची संख्या आणि वगळलेल्या बिंदूंची यादी न देता छापलेला आकडा त्यामुळे ग्राह्य धरू नये.

शकुंतला धावत होती तेव्हाही मॅट्रिक्सने सगळे सांगितले नसते. मूर्तिजापूरला नॅरोगेजच्या डब्यातला कापूस ब्रॉडगेजवर जायचा तर माल उतरवून पुन्हा भरावाच लागे. लाप्लासियनमध्ये मात्र हा दुवा बडनेरा–वर्धा इतकाच, उणे एक. अकोला–खंडवा मीटरगेजचेही तसेच होते. दुव्याला क्षमतेनुसार वजन देता येते आणि सिद्धान्त तसाच लागू राहतो, पण ते वजन कुठून आणले हे सांगावे लागते.

एक स्थानक बंद पडल्यास काय होईल हा प्रश्न दुव्यांच्या प्रश्नाहून वेगळा आहे, आणि तो थेट तपासता येतो: ते स्थानक आणि त्याचे दुवे काढून आकडा पुन्हा काढायचा. सहा स्थानकांच्या नकाशातून बडनेरा काढले, तर उत्तर शून्य येते, कारण अकोला सुटते. नऊ स्थानकांच्या नकाशातून तेच बडनेरा काढले, तर ०.१८६ उरते. ज्या नकाशाचा मूळ आकडा कमी होता, तोच बडनेऱ्याशिवाय टिकला.