लांब दाणा म्हणजे बासमती नव्हे

शहापूर आणि मुरबाड हे भातशेतीचे तालुके. घरचा झिनी किंवा कोलम कणगीत असला, तरी दोन प्रसंगी दुकानातून बासमती आणला जातो. एक लग्नाच्या जेवणावळीत आणि दुसरा घरात कुणाला मधुमेह निघाल्यावर. ‘भात खायचाच असेल तर बासमती खा’ हा सल्ला आता गावोगाव पोहोचला आहे. त्यामुळे घरच्या तांदळापेक्षा कितीतरी महाग पुडा घेतला जातो आणि त्यावरचे ‘लाँग ग्रेन’, ‘एज्ड’, ‘सेला’ हे शब्द म्हणजेच बासमतीची खूण, असा समज होतो. प्रत्यक्षात हे तीन शब्द तीन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि त्यांपैकी एकही तांदूळ बासमती असल्याची हमी देत नाही.

आधी लांबीचे पाहू. बासमतीच्या मापात पॉलिश केलेल्या अखंड दाण्याची सरासरी लांबी किमान ६.६१ मिलिमीटर आणि जाडी जास्तीत जास्त २ मिलिमीटर धरली जाते. लांबी जाडीच्या निदान साडेतीन पट हवी. मात्र ‘लाँग ग्रेन’ हे फक्त आकाराचे नाव आहे. शरबती, सुगंधा अशा नावांनी विकले जाणारे तांदूळही लांब आणि सडपातळ असतात. ते दिसायला बासमतीच्या जवळचे आणि भावाला स्वस्त, म्हणून भेसळ बहुतेक याच तांदळांची होते. वासावरही विसंबता येत नाही. बासमतीचा सुगंध ज्या मुख्य द्रव्यामुळे येतो, तेच आपल्या आंबेमोहोरातही असते, आणि कृत्रिम सुगंध वरून लावता येतो. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ ऑगस्ट २०२३ पासून बासमतीसाठी स्वतंत्र मानके लागू केली. त्यांत कृत्रिम रंग, पॉलिशची द्रव्ये आणि कृत्रिम सुगंध यांना मनाई आहे.

बासमतीची खरी ओळख शिजल्यावर पटते. हा दाणा शिजताना लांबीत वाढतो, जाडीत फारसा नाही. कच्च्या बासमतीची लांबी शिजल्यावर साधारण १.७ पट किंवा त्याहून अधिक होते. इतर बहुतेक लांब तांदूळ शिजताना आडवे फुगतात.

ही परीक्षा घरात शाळेच्या पट्टीनेही करता येते. पुड्यातले दहा अखंड दाणे निवडून टोकाला टोक लावून ठेवायचे आणि एकूण लांबी मोजायची. मग तेच दाणे एकमेकांना चिकटवून आडवे लावायचे आणि एकूण जाडी मोजायची. समजा, पहिल्या पुड्यातल्या दहा दाण्यांची लांबी ७२ आणि जाडी १८ मिलिमीटर भरली. म्हणजे लांबी जाडीच्या चौपट झाली. दुसऱ्या पुड्यातली लांबी ७० आणि जाडी २१ भरली, म्हणजे सव्वातीन पटीच्या थोडे वर. लांबीत दोन्ही पुडे उत्तीर्ण झाले, पण दुसरा जाडीत अडकला. आता दोन्ही तांदूळ अर्धा तास भिजवून भरपूर पाण्यात उघड्या पातेल्यात शिजवायचे, वेळून घ्यायचे आणि गार झाल्यावर पुन्हा दहा दहा दाणे मोजायचे. कुकर नको, त्यात दाणे मोडतात. पहिल्याचे दहा दाणे १३० मिलिमीटर भरले, तर वाढ १.८ पट झाली. दुसऱ्याचे १०१ भरले, तर वाढ दीडपटही नाही. दुसऱ्या पुड्यावर बासमती लिहिले असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

या परीक्षेला मर्यादा आहेत. तुकड्यांवर ती चालत नाही. बाजारात दुबार, तिबार, मोगरा या नावांनी मिळतो तो तुकडा बासमती. तो अस्सल असला तरी आखूडच भरणार. सेला तांदूळ कच्च्या तांदळापेक्षा वेगळा वाढतो, म्हणून सेल्याची तुलना सेल्याशीच करावी. शिवाय भेसळ थोडी असेल तर दहा दाण्यांत ती सापडेलच असे नाही. पट्टीने फक्त संशय घेता येतो, शेवटचा निकाल प्रयोगशाळेतच लागतो.

‘एज्ड’ म्हणजे जुना. मुरबाडच्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. नवा तांदूळ चिकट होतो आणि जुना फडफडीत, हे इथल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. साठवणुकीत दाण्यातले पिष्ट आणि प्रथिने यांची बांधणी घट्ट होते. त्यामुळे दाणा पाणी जास्त पितो, लांब वाढतो आणि मोडत नाही. हा गुण कोलमलाही लागू आहे. म्हणजे ‘एज्ड’ हे वय झाले, जात नव्हे. पुड्यावर किती महिने जुना ते लिहिले नसेल, तर या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. पॅकिंगची तारीख पुडा केव्हा भरला एवढेच सांगते, पीक केव्हा निघाले ते सांगत नाही. आणि जुना झाला म्हणून तांदळातले पिष्ट कमी होत नाही, हे मधुमेही माणसाने लक्षात ठेवावे.

‘पारबॉइल्ड’ किंवा ‘सेला’ म्हणजे कोकणातला उकडा. टरफलासकट भात भिजवून, वाफवून, वाळवून मग सडतात. भिजताना कोंड्यातल्या ब जीवनसत्त्वांचा काही भाग दाण्याच्या आत जातो आणि सडल्यावरही टिकतो. वाफेने पिष्ट फुलते आणि थंड होताना पुन्हा घट्ट बसते, त्यामुळे ते काहीसे सावकाश पचते. म्हणजे मधुमेहात ज्या गुणासाठी बासमतीचा सल्ला दिला जातो, त्यातला काही भाग साध्या उकड्या तांदळातही मिळतो. ‘सेला बासमती’ हे दोन शब्द वेगळे आहेत: पहिला प्रक्रिया सांगतो, दुसरा जात.

बासमतीमुळे साखर तुलनेने सावकाश वाढते हे खरे, पण हा फरक थाळीतल्या भाताच्या ढिगापुढे लहान पडतो. एका वाटीऐवजी तीन वाट्या खाल्ल्या, तर बासमतीचा उपयोग काय? म्हणून ‘बासमती खा’ एवढे सांगून सल्ला पुरा होत नाही. किती वाट्या आणि सोबत डाळ, भाजी किती, हेही सांगायला हवे. ज्या घराला बासमती परवडत नाही, त्याने घरचाच तांदूळ मोजून खाल्ला तरी बिघडत नाही.

विकत घेताना पुड्यावर ‘बासमती’ हा शब्द तांदळाचे नाव म्हणून लिहिला आहे का, ते पाहावे. ‘बिर्याणी राईस’ किंवा ‘लाँग ग्रेन’ म्हणजे बासमती नव्हे. सुट्या पोत्यावरच्या पाटीपेक्षा चौदा आकडी परवाना क्रमांक छापलेला बंद पुडा बरा. शंका असेल, तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. मात्र खरेदीच्या वेळीच दुकानदाराला तसे सांगावे लागते, आणि माल नियमाबाहेर निघाला तर शुल्क परत मिळते.

बासमतीला २०१६ मध्ये मिळालेली भौगोलिक ओळख हिमालयाच्या पायथ्याच्या आणि उत्तरेच्या मैदानातल्या ठरावीक भागापुरती आहे. मुरबाडच्या झिनीने त्याची लांबी गाठावी, ही अपेक्षाच चुकीची. तो आखूड आहे म्हणून हलका ठरत नाही, आणि दुकानातला लांब आहे म्हणून बासमती ठरत नाही.