मोबाईल नंबर म्हणजे तिजोरीची किल्ली नव्हे

डहाणू-तलासरीकडे मोबाईलची रेंज गेली तर कोणी दचकत नाही. महामार्गाने आच्छाडच्या नाक्याकडे गेले की फोन गुजरातचे टॉवर धरू लागतो, आतल्या पाड्यांत तर तास-दोन तास आवाजच नसतो. 'येईल परत' म्हणून आपण फोन खिशात टाकतो. आमच्या व्यापारी बांधवांची हीच सवय आज धोक्याची झाली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माहीमचे एक कापड व्यापारी. 2018 च्या डिसेंबरअखेरीस एका रात्री त्यांच्या फोनवर सहा मिस्ड कॉल आले. सकाळी पाहतात तो फोन बंद. चौकशी केल्यावर कळले की त्यांच्या नावाने रात्रीच कोणी बदली सिमकार्ड मागितले होते. बँकेत गेले तेव्हा 28 व्यवहारांत 1 कोटी 86 लाख रुपये निघून गेलेले होते.

हे घडते कसे? भामटा आधी खोटी लिंक पाठवून नेटबँकिंगचा पासवर्ड काढतो. आधारची झेरॉक्स तर आपण कुठेही देत असतो. मग तो 'सिम हरवले' असे सांगून त्याच नंबरचे नवे सिम घेतो, किंवा कंपनीचा माणूस असल्याचे भासवून आपल्याकडूनच ई-सिमला होकार मिळवतो. नवे सिम सुरू होताच जुने मरते आणि बँकेचा ओटीपी त्याच्या हातात पडतो. बँकेने कितीही कुलपे लावली तरी किल्ली अखेर सिम विकणाऱ्या काउंटरवरच्या माणसाच्या भरवशावर राहते.

सरकारने यावर काही अटकाव घातला आहे. सिम बदलल्यावर 24 तास त्यावर एसएमएस बंद ठेवण्याचा दूरसंचार खात्याचा आदेश आहे, आणि 1 जुलै 2024 पासून सिम बदलल्यापासून सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. म्हणजे सावध माणसाला एक दिवसाची मुदत मिळते. पण रेंज गेली म्हणून गप्प बसणारा ती मुदत झोपेत घालवतो.

म्हणून ओळखायचे कसे, ते सांगतो. शेजाऱ्याकडे त्याच कंपनीचे सिम असेल तर त्याची रेंज पाहा. त्याची आहे आणि आपली नाही, तर फोन एकदा बंद करून चालू करा. तरीही नाही आली तर दुसऱ्या फोनवरून आपल्याच नंबरला कॉल लावा. आपला फोन मेलेला असताना पलीकडे घंटी वाजत असेल, तर तो नंबर दुसऱ्याच्या खिशात असण्याचा दाट संभव आहे. मग गॅलरी शोधत बसू नये. आधी बँकेला सांगून खाते गोठवावे, मग 1930 वर तक्रार करावी, सिमचे नंतर पाहावे. बँकेची सूचना ईमेलवरही येईल अशी सोय आधीच करून ठेवावी, कारण पैसे गेल्याचा एसएमएस मेलेल्या फोनवर येणार नाही.

कायमचा उपाय मात्र ओटीपी सिमपासून तोडणे हाच. ऑथेंटिकेटर ॲपमध्ये एकदा क्यूआर कोड स्कॅन केला की एक गुप्त संख्या फोनमध्येच साठते, आणि ती संख्या व घड्याळाची वेळ यांवरून दर 30 सेकंदांना नवा कोड तयार होतो. त्याला रेंज लागत नाही, सिम बदलून तो चोराला मिळत नाही. तलासरीच्या पाड्यात तर एसएमएसपेक्षा तो सोयीचाच. स्टेट बँकेने 'एसबीआय सिक्युअर ओटीपी' हे ॲप याच धर्तीवर काढले. एक उणीव आहे: खोट्या वेबसाईटवर आपण स्वतःच तो कोड टाइप केला तर चोराचे काम होते. पासकीत तीही पळवाट नाही, कारण ती खऱ्या साईटशीच बांधलेली असते. फोन हरवला तर काय, म्हणून मिळालेले बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवावेत. आणि ईमेलचा पासवर्ड बदलण्यासाठी मोबाईल नंबर दिलेला असेल तर तो काढावा, नाहीतर पुढचे दार बंद आणि मागचे उघडे अशी गत व्हायची.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 च्या निर्देशांत एसएमएसखेरीज अन्य मार्गांना वाट दिली असून 1 एप्रिल 2026 ही अंमलाची तारीख ठरवली. तरी आपली बँक काय देते, हे मॅनेजरला विचारावे लागेल, शक्यतो लेखी. चिकूचे व्यापारी आपल्या खात्यापुरते विचारतीलच; पण मशिदीचे, मदरशाचे, जमातीचे खाते बहुधा एकाच विश्वस्ताच्या खासगी नंबरला जोडलेले असते. ती लोकांची अमानत आहे. त्या खात्याला दोन सह्यांप्रमाणे ऑनलाईनही दोघांची मंजुरी लावता येते का, हा प्रश्न पुढच्या बैठकीत सर्वांत आधी घ्यावा.