जुना कोऑर्डिनेटर गेला, हे ठरवले कोणी?

बुली अल्गोरिदम आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ असतो. बेंगळुरूतल्या मुलाखतींत तो हमखास विचारला जातो आणि उमेदवार पाच मिनिटांत फळ्यावर मांडून मोकळा होतो: कोऑर्डिनेटर क्रॅश झाला की जिवंत नोडपैकी सर्वात मोठ्या क्रमांकाचा नोड त्याची जागा घेतो. यात चूक काही नाही. पण प्रत्यक्ष सेवा चालवताना जे बिघडते, ते या वाक्याच्या पूर्वार्धात बिघडते. नवा कोण, हे ठरवणे सोपे आहे. जुना खरोखर गेला का, हे ठरवणे कठीण आहे, आणि त्याबाबत बुली अल्गोरिदम आपल्याला काहीच मदत करत नाही. या अंकात आम्हाला एवढेच सांगायचे आहे.

हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी १९८२ मध्ये आयईईईच्या संगणकविषयक नियतकालिकात हा अल्गोरिदम मांडला, तेव्हा त्यांनी आपली गृहीतके स्पष्ट लिहिली होती. संदेशवहन बंद पडत नाही आणि जिवंत नोड ठरलेल्या वेळेत उत्तर देतोच, ही त्यांतली दोन महत्त्वाची. ही गृहीतके जिथे टिकत नाहीत, तिथल्यासाठी त्याच निबंधात त्यांनी दुसरा, आमंत्रणावर चालणारा अल्गोरिदमही दिला. पाठ्यपुस्तकांत पहिला ठळकपणे आला, दुसरा मागे पडला, आणि पहिल्याची गृहीतके तळटीपेत गेली.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका सेवेचे पाच नोड आहेत: १, २ आणि ३ व्हाइटफील्डच्या डेटा सेंटरमध्ये, ४ आणि ५ इलेक्ट्रॉनिक सिटीत. ग्राहकांच्या ऑर्डरना क्रमांक देण्याचे काम कोऑर्डिनेटरकडे आहे आणि सध्या ५ कोऑर्डिनेटर आहे. आता ५ खरोखर क्रॅश झाला आणि ते प्रथम २ च्या लक्षात आले. तो आपल्याहून मोठ्या तिघांना, म्हणजे ३, ४ आणि ५ ला, निवडणुकीचा संदेश पाठवतो. ३ आणि ४ ‘ओके’ म्हणतात, म्हणजे २ ने आता थांबायचे. मग ३ स्वतः ४ आणि ५ ला विचारतो, ४ फक्त ५ ला विचारतो. ४ कडून ३ ला ‘ओके’ मिळते, ५ कडून कुणालाच काही मिळत नाही. ठरलेला वेळ संपला की ४ उरलेल्या तिघांना कळवतो की आता कोऑर्डिनेटर मी. सगळे मिळून १२ संदेश. हेच सर्वात लहान १ च्या लक्षात आले असते तर १९ लागले असते. नोड ५० असतील तर त्याच हिशेबाने २,४४९. संदेशांची संख्या नोडसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून मोठ्या क्लस्टरमध्ये हा अल्गोरिदम महाग पडतो. पण पाच-सात नोडमध्ये ही अडचण नाही, म्हणून तिथे जास्त रेंगाळायला नको.

खरा प्रश्न त्या ‘ठरलेल्या वेळे’चा आहे. पुस्तकातले सूत्र सरळ आहे: संदेश जाण्या-येण्याचा जास्तीत जास्त वेळ, अधिक समोरच्या नोडचा उत्तर देण्याचा जास्तीत जास्त वेळ. एकाच शहरातल्या दोन केंद्रांमध्ये फायबरवरून संदेश जायला सहसा एक मिलिसेकंदही लागत नाही. तेव्हा टाइमआउट शंभर मिलिसेकंद ठेवला तरी तो ऐसपैस वाटतो. पण सूत्रातल्या दोन्ही ‘जास्तीत जास्त’ना प्रत्यक्षात वरची मर्यादा नसते. उत्तर आले नाही, यातून एवढेच कळते की उत्तर आले नाही. नोड मेला असेल, वाट तुटली असेल किंवा नोड अडकून पडला असेल. बुली या तिन्हींना एकच निदान लावतो.

वाट तुटल्यावर काय होते ते पाहू. रस्त्याच्या खोदकामात व्हाइटफील्ड आणि इलेक्ट्रॉनिक सिटी यांच्यातली फायबर तुटली. पाचही नोड मात्र ठणठणीत आहेत. १, २, ३ ना पलीकडून उत्तर येत नाही, म्हणून ३ स्वतःला कोऑर्डिनेटर जाहीर करतो. पलीकडे ५ आपल्या जागी कायम आहे. ४ त्याचे ऐकतो आहे. प्रत्येक नोड अल्गोरिदमप्रमाणे अचूक वागला आणि तरी कोऑर्डिनेटर दोन झाले. दोघेही पुढचा ऑर्डर क्रमांक ४१०२ देतात, दोन वेगळ्या ग्राहकांना. फायबर जोडली गेली की ५ मोठा म्हणून पुन्हा सर्वांचा कोऑर्डिनेटर होतो. मधल्या काळात ३ ने तीन नोडच्या साक्षीने जे लिहिले, त्याचे काय करायचे याबद्दल अल्गोरिदम गप्प आहे.

खोदकामाचे उदाहरण ओढूनताणून आणलेले नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११:४० ला थांबले आणि दुपारी ३:४५ ला पुन्हा सुरू झाले. मुख्य केंद्र आणि जवळचे पर्यायी केंद्र यांच्यामध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या दूरसंचार जोडण्या होत्या. दोन्ही अस्थिर झाल्या, आणि बाजाराच्या निवेदनानुसार त्याचे मुख्य कारण त्या मार्गावरचे खोदकाम व बांधकाम हे होते. त्याच वेळी मुख्य केंद्रातली स्टोरेज यंत्रणा अनपेक्षितपणे मिळेनाशी झाली आणि जोखीम व्यवस्थापनाची प्रणाली बंद पडली. तिथे बुली अल्गोरिदमचा संबंध नव्हता. पण दोन कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या म्हणजे संदेशवहन अखंड राहील, हे गृहीतक एवढ्या मोठ्या संस्थेतही एका दिवशी कोसळले. आपल्या क्लस्टरसाठी ते धरून चालायचे कारण नाही.

यावर पहिला उपाय बहुमताचा. पाचपैकी किमान तीन नोडचा होकार मिळाल्याशिवाय कुणीही कोऑर्डिनेटर व्हायचे नाही, आणि असलेल्या कोऑर्डिनेटरला तिघांशी (स्वतःसह) संपर्क ठेवता येत नसेल तर त्याने पद सोडायचे. वरच्या उदाहरणात ३ निवडून येतो आणि ५ ला, क्रमांक सर्वात मोठा असूनही, बाजूला व्हावे लागते.

पण बहुमताने सगळे भागत नाही. समजा वाट शाबूत आहे आणि ५ ची प्रक्रिया गार्बेज कलेक्शनमध्ये आठ सेकंद गोठली. उरलेल्या चौघांनी बहुमताने ४ ला निवडले. नवव्या सेकंदाला ५ जागा होतो. त्याच्या दृष्टीने काही घडलेलेच नाही. डेटाबेसला पाठवायचे एक लेखन अर्धवट हातात होते, ते तो पाठवून देतो. ‘मी अजून कोऑर्डिनेटर आहे ना?’ हे त्याने लिहिण्यापूर्वी तपासायचे, असा नियम केला तरी उपयोग नाही, कारण तपासणे आणि लिहिणे यांच्यामध्येच तो गोठू शकतो. म्हणून तपासणी घेणाऱ्याच्या बाजूला हवी. प्रत्येक निवडणुकीला वाढता कार्यकाल-क्रमांक द्यायचा, प्रत्येक लेखनासोबत तो पाठवायचा, आणि स्टोरेजने आजवर पाहिलेल्या सर्वात मोठ्या क्रमांकाहून लहान क्रमांकाचे लेखन नाकारायचे:

```
if req.term < max_term_seen:
    reject(req)
else:
    max_term_seen = req.term
    apply(req)
```

५ चा कार्यकाल ७ होता, ४ चा ८. स्टोरेजने ८ एकदा पाहिला की ७ चे लेखन दारातूनच परत जाते.

तिसरा बिघाड खास बुलीचा आहे. या अल्गोरिदममध्ये मोठा नोड परत आला की तो निवडणूक लावतो आणि चालू कोऑर्डिनेटर धडधाकट असला तरी त्याला हटवतो. आता ५ ची डिस्क खराब होत आली आहे आणि सेवा पडली की आपोआप सुरू करण्याची सोय आहे, असे समजा. ५ उठतो, पद घेतो, स्थिती वाचू लागतो, डिस्कवर अडकतो, पडतो, ४ येतो, ५ पुन्हा उठतो. प्रत्येक फेरीत टाइमआउट, निवडणूक आणि स्थिती भरणे यांचा वेळ वाया जातो, आणि सर्वात आजारी नोड सर्वाधिक वेळा कोऑर्डिनेटर होतो. हे ओळखणे सोपे आहे. लॉगमध्ये कोऑर्डिनेटरचे नाव ५, ४, ५, ४ असे झुलत असेल आणि प्रत्येक बदलाआधी त्याच नोडच्या रीस्टार्टची नोंद असेल, तर नेटवर्कच्या मागे लागू नका. तो नोड क्लस्टरमधून काढा.

प्रचलित सॉफ्टवेअरचा इतिहासही याच दिशेने गेला. इलॅस्टिकसर्चच्या जुन्या पद्धतीत मास्टरची निवड नोडच्या आयडीच्या क्रमावर होई. ती बुलीच्याच कुळातली. बहुमताची अट `discovery.zen.minimum_master_nodes` या सेटिंगने माणसाने घालायची होती आणि तिची मूळ किंमत १ होती. तीन नोडचे क्लस्टर पाचचे करताना ती २ वरून ३ करायला कुणी विसरले की दोन मास्टरना वाट मोकळी. २०१९ मध्ये आवृत्ती ७.० ने ती यंत्रणाच बदलली आणि बहुमताचा हिशेब क्लस्टरकडे सोपवला. मोंगोडीबीने ३.२ पासून राफ्टच्या धर्तीची निवडणूक आणली. तिथे नोडना प्राधान्य देण्याची सोय आजही आहे, म्हणजे ज्येष्ठाने पद मागण्याची कल्पना टिकली. पण आधी त्याचा डेटा पुरेसा अद्ययावत हवा आणि बहुमत मिळायला हवे. ज्येष्ठता उरली ती पसंती म्हणून. अधिकार बहुमताकडे गेला.

मग बुली कुठे वापरावा? सगळे नोड एकाच रॅकमध्ये असतील आणि कोऑर्डिनेटरचे काम दोनदा झाले तरी नुकसान नसेल, तिथे खुशाल वापरा. रात्रीचा अहवाल कोणी तयार करायचा, कॅशे कोणी ताजी करायची, अशी ती कामे. पैसे, क्रमांक किंवा कुलूप कोऑर्डिनेटरच्या हाती असेल, तर स्वतः निवडणूक लिहू नका. एटसीडी किंवा झूकीपरसारखी तावून सुलाखून निघालेली सेवा घ्या, आणि ती घेतल्यावरही लेखनासोबतचा कार्यकाल-क्रमांक तपासायला विसरू नका, कारण तो भाग तुमच्या स्टोरेजचा आहे.

पुढच्या डिझाइन रिव्ह्यूमध्ये आमच्या वाचकांनी एक प्रश्न जरूर विचारावा: दहा सेकंद दोन कोऑर्डिनेटर एकाच वेळी काम करत राहिले, तर नेमके काय बिघडेल आणि ते कोण अडवेल? याचे लेखी उत्तर नसेल तर ते डिझाइन मंजूर करू नका.